तासभर टेस्ट पास, आणि मेन्यूवर बंद

मुलगा पीसी टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा, पॉवर सप्लाय खराब नाहीये, मी मोजलंय. पण गेम लावला की मशीन मरतं." त्यानं स्वतः जोडलेलं मशीन होतं आणि चांगलं जोडलं होतं, केबली नीट बांधलेल्या. आत ३२० वॉटचं ग्राफिक्स कार्ड, रायझन ७ ५८०० एक्स प्रोसेसर आणि ६५० वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाच्या कार्यक्षमतेचा सप्लाय. हा सप्लाय त्याच्या जुन्या मशीनमधून आलेला. कार्ड मात्र नवं.

मरणं कसं होतं ते आधी पाहिलं. निळा स्क्रीन नाही, आवाज अडकणं नाही, एका क्षणात सगळं काळं. समोरचं बटण दाबून काही होईना. मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून परत चालू केला तेव्हा कुठे मशीन जागं झालं. सप्लायनं स्वतःला संरक्षणासाठी कुलूप लावून घेतलं की असं होतं, त्यामुळे माझा संशय तिथेच गेला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power 41` होतं आणि त्याखाली `BugcheckCode 0`. या नोंदीवरून एवढंच कळतं की विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली. का गेली, ते तिला माहीत नसतं.

मग त्यानं मोजलेलं काय ते विचारलं. भिंतीच्या सॉकेटमध्ये वॉटमीटर लावून गेम खेळताना त्याला ५०० वॉट दिसले होते. त्याचा हिशोब असा : ६५० चा सप्लाय, ८५ टक्के कार्यक्षमता, म्हणजे हातात साडेपाचशे. लागतात ५००. पुरतंय, जेमतेम का होईना.

यातली पहिली चूक मी जवळजवळ रोज ऐकतो. लेबलवरचे वॉट हे सप्लाय मशीनला द्यायचे वॉट असतात, कार्यक्षमता त्यातून वजा होत नाही. ती भिंतीच्या बाजूला मोजायची. भिंतीतून ५०० ओढले आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली, तर मशीनपर्यंत पोहोचले ४२५. उरलेले ७५ सप्लायमध्येच उष्णता होऊन गेले. म्हणजे खरं तर त्याच्याकडे त्याला वाटत होतं त्याहून जास्त जागा होती. तरीही मशीन मरत होतं, आणि इथूनच मला त्यात खरा रस वाटायला लागला.

कार्डावर सलग भार टाकणारी टेस्ट लावली. एक तास चालली. पंखे जोरात, तापमान ठीक, मीटर ५०० च्या आसपास स्थिर. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचाच गेम लावला, आणि लोडिंग संपून मेन्यू उघडला त्या क्षणी सगळं काळं. परत केलं, परत तिथेच. खेळताना कधी मरायचं, कधी नाही. मेन्यूवर मात्र तीनदा प्रयत्न केला आणि तीनही वेळा गेलं.

त्या मेन्यूत फ्रेमरेटला मर्यादा नव्हती. लोडिंगच्या वेळी कार्ड जवळजवळ रिकामं असतं. मेन्यू आला की हलकं चित्र, म्हणून ते सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम काढायला धावतं. ३२० वॉट ही कार्डाची सरासरी मर्यादा आहे. ती पाळणारं नियंत्रण थोड्या वेळाची सरासरी बघून चालतं, त्याच्या आतले मिलिसेकंदाचे उसळे त्याच्या हातून निसटतात. असा उसळा सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. सलग टेस्टमध्ये भार सपाट असतो, मेन्यूत तो दचकून उठतो. मीटरला यातलं काहीच दिसत नाही. तो सेकंदाला एखादा आकडा दाखवतो, शिवाय सप्लायमधला मोठा कपॅसिटर असे बारीक झटके भिंतीपर्यंत पोहोचूच देत नाही.

मग सप्लाय बाहेर काढून त्याच्या अंगावरचं लेबल वाचलं. हे लेबल विकत घेण्याआधी वाचावं, असं मी कळकळीनं सांगतो. वर मोठ्या अक्षरात ६५० वॉट. खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर. बारा गुणिले पंचेचाळीस, ५४० वॉट. उरलेली क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटेला दिलेली, जी आजच्या गेमिंग मशीनला फारशी लागतच नाही. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. तेव्हा या मशीनसाठी तो ५४० चाच सप्लाय होता.

त्याच्या हिशोबातून आणखी एक आकडा निसटला होता. प्रोसेसरच्या डब्यावर १०५ वॉट लिहिलेलं असतं, तो टीडीपी, म्हणजे कूलर निवडताना धरायचा उष्णतेचा आकडा. बोर्डावरच्या सॉकेटमधून प्रोसेसरनं घ्यायच्या विजेची खरी मर्यादा, पीपीटी, १४२ वॉट आहे. आता मांडणी करू : कार्ड ३२०, प्रोसेसर १४२, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ६५ धरले, एकूण ५२७. गेममध्ये प्रोसेसर पूर्ण भरत नाही म्हणून प्रत्यक्षात ४२५ दिसले. पण कार्डानं क्षणभर ६०० मागितले, तर प्रोसेसर अर्धवट असतानाही बेरीज सातशेच्या आसपास जाते. ५४० चा सप्लाय तिथे हात वर करणारच. तो बिघडलेला नव्हता, आपलं काम करत होता.

खात्री करायची म्हणून सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर, म्हणजे २४० वॉटवर आणली. मेन्यू दहा वेळा उघडला, काही झालं नाही. लिमिट पुन्हा १०० केली, दुसऱ्याच खेपेला काळं. मग माझा टेस्टिंगचा ८५० वॉटचा सप्लाय जोडला, प्रत्येक कनेक्टरला स्वतंत्र केबल दिली, लिमिट पूर्णच ठेवली. संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. कार्ड निर्दोष आहे हे या अदलाबदलीशिवाय मी म्हणालो नसतो.

"मग बाराशेचाच घेतो," मुलगा म्हणाला. मी थांबवलं. नुसतं डेस्कटॉप उघडं असताना हे मशीन ६५-७० वॉट घेतं. बाराशेच्या सप्लायला ते सहा टक्केही नाही, आणि इतक्या कमी भारावर कार्यक्षमता घसरते. नुकसान थोड्याच वॉटचं, पण जादा पैसे ज्या क्षमतेचे, ती तो कधी वापरणार नव्हता. ५२७ हा भार सप्लायच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास बसावा असं मी धरतो. ५२७ भागिले ०.७, साधारण ७५०.

उरला उसळ्यांचा प्रश्न. एटीएक्स ३.० हा पॉवर सप्लायचा आराखडा २०२२ मध्ये आला, तो नेमक्या याच दुखण्यासाठी. त्यानुसार बनवलेला ४५० वॉटच्या वरचा सप्लाय १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलतो, उसळा जितका लांबतो तितकी सवलत कमी होत जाते. म्हणून त्याला सांगितलं, ७५० घे, पण एटीएक्स ३.० चा आणि १२ व्होल्टवर जवळजवळ पूर्ण क्षमता देणारा. जुन्या आराखड्याचा मिळाला तर मात्र ८५०.

त्यानं ७५० आणला. बसवताना लेबल आधी त्यानंच वाचलं, १२ व्होल्टवर ६२ अँपिअर, आणि तोंडातल्या तोंडात गुणाकार केला : ७४४. मेन्यू उघडला, मीटरवर आकडा चढला आणि मशीन चालूच राहिलं. जुना सप्लाय मी ठेवून घेतला. १५० वॉटच्या कार्डाच्या एका मशीनमध्ये तो आजही बिनतक्रार चालतोय.