पिवळा अननस, हिरवा अननस आणि सीताफळातला पांढरा

आमचं फळांच्या गराचं युनिट पुण्यात आहे. सीताफळाचा गर आइस्क्रीमवाल्यांना जातो आणि अननसाचे तुकडे केकवाल्यांना. खरेदीची पहिली चाळणी माझ्याकडे असते आणि ती होते मोबाइलवर. पुरंदरहून शेतकरी बागेतले फोटो पाठवतात, वाशीहून आडतदार गाळ्यावरचे. माल गाडीत चढायच्या आत मला हो किंवा नाही सांगायचं असतं.

ही दोन्ही फळं एकाच नजरेने पाहून चालत नाही. सीताफळ तोडल्यावर पिकतं, अननस पिकत नाही. अननस तोडताना जेवढा गोड असतो तेवढाच राहतो, पुढे फक्त साल पिवळी पडते आणि तो मऊ होतो. त्यामुळे सीताफळाच्या फोटोत मी ‘हे पुढे पिकेल का’ ते शोधते, आणि अननसाच्या फोटोत ‘हा झाडावरच पिकला होता का’ ते.

गेल्या ऑक्टोबरात, परतीचा पाऊस नुकताच थांबला होता तेव्हा, एका सकाळी दोन्हीकडचे फोटो एकदम आले.

पहिले सासवडजवळच्या बागेतले. क्रेट भरलेले, फळं चांगली मोठी, आणि डोळ्यांमधल्या खोबणीत सगळीकडे पांढरं. सीताफळाची हीच मुख्य खूण. फळ जून होत आलं की डोळे फुगून चपटे होतात, एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधली खोबण हिरवी न राहता पिवळसर पांढरी दिसायला लागते. शेतकरी म्हणतात, डोळा उघडला. सालीचा एकूण रंग मात्र फसवा असतो, कारण ओल्या हवेत तोच माल गडद दिसतो आणि उन्हात फिका.

फोटो मोठा करून पाहिला तर तो पांढरा मला पटेना. उघडलेल्या डोळ्याची खोबण गुळगुळीत असते आणि तिची रुंदी फळभर साधारण सारखी असते. इथे पांढरं कापसासारखं दिसत होतं, देठाजवळ दाट आणि खाली विरळ. काही डोळ्यांच्या कडांवरही त्याचे ठिपके होते. शिवाय डोळे अजून टोकदार होते, एकमेकांना चिकटलेले. मी फोन लावला.

“मामा, एका फळाची खोबण अंगठ्याने पुसा आणि परत फोटो पाठवा.”

“पुसून काय व्हायचंय ताई? डोळा उघडलाय की.”

“तरी पुसाच. अन् सावलीत धरा, शेजारी वहीचं कोरं पान ठेवा.”

दुसऱ्या फोटोत खोबण हिरवी निघाली. पांढरं होतं ते पिठ्या ढेकणाचं. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि नेमका खोबणीतच दडून बसतो, त्यामुळे कोवळं फळ फोटोत जून वाटतं. असं कोवळं तोडलेलं सीताफळ पुढे नीट पिकत नाही. ते काळं पडतं, दगडासारखं राहतं, आणि गर काढायला गेलं तर बियांना चिकटलेला चरबट गोळा हाती येतो. सगळा माल तसा नव्हता. मामांनी फोन चालू ठेवूनच फळं पुसून वेगळी केली. खोबण पिवळसर असलेली आणि डोळे पसरलेली तेवढी घेतली. बाकीची आधीच तुटलेली होती, त्याला इलाज नव्हता. झाडावर राहिलेल्या फळांचं मात्र मी सांगितलं, डोळा मोकळा होईपर्यंत हात लावू नका.

त्याच क्रेटमध्ये काही तडकलेली फळंही होती. कोरड्यानंतर एकदम पाऊस झाला की आतला गर झपाट्याने फुगतो आणि साल फाटते. भेगेतला गर पांढराशुभ्र आणि कडा ओलसर असतील तर तडा ताजा आहे. कडा तपकिरी झाल्या असतील, मुंग्या लागल्या असतील, तर तो जुना. फळ जून असलं तरी तडकलेलं मी घेत नाही, कारण सीताफळाचा गर हवेत लवकर काळपट पडतो आणि तशा गराने अख्खा डबा बिघडतो.

वासाचा प्रश्न राहिला. तो फोटोत येत नाही, म्हणून पलीकडच्या माणसाच्या नाकावर अवलंबून राहावं लागतं. “क्रेटवर वाकून वास घ्या, गोड येतोय का?” मामा म्हणाले, “नाही, पाल्यासारखा येतोय.” मला हेच ऐकायचं होतं. सीताफळाला बागेतच गोड वास सुटला तर ते मऊ पडायला लागलेलं असतं, आणि गाडीत वरच्या फळांच्या भाराने त्याचा लगदा होतो.

अननसाच्या बाबतीत हाच प्रश्न उलटा विचारावा लागतो.

वाशीहून आडतदारांनी केरळच्या मॉरिशस जातीच्या अननसाचे दोन ढीग पाठवले होते. पहिला बुडापासून तुऱ्यापर्यंत एकसारखा पिवळाधमक. दुसऱ्यात फक्त खालचा तिसरा भाग पिवळा, वर हिरवा. पहिल्या ढिगाचे फोटो गाळ्यातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेले होते, म्हणून आधी दाराशी, उजेडात काढायला लावले. पिवळा थोडा उतरला, पण एकसारखाच राहिला.

तेवढ्याने शंका आली, कारण अननस बुडाकडून वर पिकत जातो. रंगही त्याच क्रमाने चढतो आणि गोडीही बुडाशी जास्त असते. वरपर्यंत पिवळं फळ खरोखर पिकलेलं असेल तर त्याचे डोळे चपटे, रुंद आणि तकतकीत झालेले असतात, दोन डोळ्यांमधली रेघ उथळ असते. या ढिगात डोळे उंच होते, टोकं सुकलेली नव्हती आणि रेघा खोल होत्या. म्हणजे साल पिकल्यासारखी दिसत होती आणि डोळे तसे नव्हते. एथेफॉन हे रसायन फवारून साल पिवळी करता येते. त्याने रंग येतो, साखर येत नाही. दुसऱ्या ढिगातल्या हिरव्या फळांचे डोळे मात्र बुडापासून मध्यापर्यंत पसरलेले होते.

“दादा, दोन्हीतला एकेक बुडाशी नाकाला लावून बघा.”

“पिवळ्याला काहीच येत नाही. हिरव्याला येतोय, गोडसर.”

त्या वासात दारूसारखी आंबूस झाक नाही ना, तेही विचारून घेतलं, कारण ती आली की आत फळ आंबायला लागलेलं असतं. मग दोन्ही उभे चिरून बुडाच्या आणि वरच्या भागाचा रस गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर घ्यायला लावला. पिवळ्याचं ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, बुडाशी 11 आणि वर 9 आलं. हिरव्याचं बुडाशी 15, वर 12. आम्ही बुडाशी 13 च्या खाली घेत नाही. मी हिरवा ढीग घेतला. आडतदार म्हणाले, “ताई, गिऱ्हाइक पिवळाच मागतं.” त्यांचं खरं होतं, काचेच्या कपाटात पिवळाच शोभतो. पण आमच्याकडे साल पहिल्या पाच मिनिटांत सोलून टाकली जाते.

एका बाबतीत मात्र फोटो कुचकामी ठरतो. जास्त पिकलेल्या अननसाचा गर आतून काचेसारखा पाणचट होतो आणि बाहेरून डोळे सुंदर चपटेच दिसतात. ते कळतं टिचकी मारल्यावर, आवाज भरीव आणि बद्द येतो. म्हणून हिरव्या ढिगातल्या फळांना टिचक्या मारतानाचा व्हिडिओ मागवला. बद्द वाजलेली बाजूला काढायला लावली, आणि त्यातलं एक चिरून दाखवलं तेव्हा बुडाकडचा गर खरंच पारदर्शक झालेला होता. उरलेला माल दुपारच्या गाडीत चढला.