मंजूर झालेली रजा मागे घेताना

गुरुवार, रात्र

आज नव्या बिलिंग प्रणालीची रंगीत तालीम होती. जुन्या प्रणालीतली अठरा हजारांच्या आसपास बिलं नवीत उतरवून बेरजा ताडून पाहायच्या होत्या. संध्याकाळी आकडे आले तेव्हा साडेसहाशेच्या वर बिलं जुळत नव्हती. प्रत्येक बिलात फरक एखाद-दोन पैशांचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर क्षुल्लक. पण हिशेब विभाग असा फरक कधीच स्वीकारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कारण मला तासाभरात कळलं. जुनी प्रणाली कराची रक्कम अख्ख्या बिलावर एकदाच पूर्णांकित करते, नवी प्रत्येक ओळीवर करते. सरळ बिलांसाठी हे आम्ही आधीच सांभाळलं होतं. राहून गेली ती अर्धवट परत आलेल्या मालाची बिलं. त्यांचा नियम तीन वर्षांपूर्वी मी लिहिला होता, आणि तो कुठे कुठे लागू होतो हे माझ्याशिवाय कुणाला नीट ठाऊक नाही.

नवी प्रणाली पुढच्या शनिवारी रात्री सुरू व्हायची आहे. माझी रजा सोमवार ते शुक्रवार. तीन आठवड्यांपूर्वी मंजूर झालेली.

रजा मागे घ्यावी लागणार हे मनात पक्कं झालं, आणि लगेच पोर्टल उघडून ती रद्द करून टाकावी असं वाटलं. हात थांबला तो गेल्या वर्षीच्या आठवणीने. तेव्हाही असाच प्रसंग होता. रात्री अकराला मी रजा रद्द केली आणि सकाळी आनंदाने कामावर आले. मॅडमना ते पोर्टलच्या आपोआप गेलेल्या मेलवरून कळलं. त्यांनी माझ्या जागी दुसऱ्या टीममधला एक माणूस आठवडाभरासाठी मागून घेतला होता, त्या टीमच्या प्रमुखांना दोनदा विनंती करून. तो माणूस त्यांना परत पाठवावा लागला. पुढच्या वेळी माणूस मागायला गेल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं असेल, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्या दिवशीचं त्यांचं तुटक “बरं” अजून लक्षात आहे. माझी समजूत अशी होती की मी त्यागच करते आहे, त्यात विचारायचं काय? रजा मंजूर झाली की त्यावर आपल्या वरिष्ठांनी बाकीच्यांची मांडणी केलेली असते, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून आज पोर्टल बंद केलं. मॅडमना एवढाच निरोप पाठवला: “तालमीतल्या फरकाचं कारण सापडलं आहे. माझ्या पुढच्या आठवड्याच्या रजेबद्दलही बोलायचं आहे. उद्या सकाळी पंधरा मिनिटं मिळतील का?” दहा वाजताची वेळ मिळाली.

झोपण्याआधी रजेचे पाच दिवस वेगवेगळे करून पाहिले. गुरुवारी बाबांच्या तपासण्या आणि शुक्रवारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. हे दोन दिवस हलणार नाहीत. सोमवार ते बुधवार मी आणि ताई आधी जाऊन घर आवरणार होतो, बाबांजवळ निवांत बसणार होतो. ते दिवस हलू शकतात. हलवताना वाईट वाटेल, पण हलू शकतात.

शुक्रवार

कालची वेगवेगळी मांडणी कामाला आली. “मी रजा रद्द करते” एवढंच बोलले असते तर पाचही दिवस गेले असते, आणि नंतर त्यातले दोन परत मागणं फार अवघड झालं असतं. मी म्हणाले, “सोमवार, मंगळवार, बुधवार मागे घ्यावेत असं मला वाटतं. नियम दुरुस्त करायला दीड दिवस आणि पुन्हा तालीम घ्यायला एक दिवस लागेल. गुरुवार-शुक्रवार मात्र मला हवेतच, बाबांची शस्त्रक्रिया आहे. पण तुम्ही माझ्या जागी जी सोय केली आहे ती मोडत असेल तर आधी सांगा.”

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “तुला कुणी रजा मागे घ्यायला सांगितलं का?” कुणीच सांगितलं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “तू नसतीस तर हे कुणी केलं असतं?” मी गप्प झाले. खरं उत्तर होतं की कुणीच नाही, आणि त्यात दोष माझा होता. मी दिलेल्या हस्तांतराच्या नोंदीत रोजची कामं होती, कुणाशी बोलायचं ते होतं, पण हा नियम नव्हता. तो माझ्या डोक्यातच होता. तसं कबूल केलं.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते मला स्वतःहून सुचलं नसतं. “तू थांबलीस तर जिच्याकडे तू काम दिलं आहेस तिला काय वाटेल? दोन आठवडे तयारी करून ती उभी आहे. सोमवारी तू जागेवर दिसलीस की सगळे पुन्हा तुझ्याकडेच येतील.” मी कामाचा विचार केला होता, मॅडमच्या सोयीचा केला होता, हिचा केला नव्हता.

शेवटी असं ठरलं. रोजचं काम आणि शनिवारची सूत्रं तिच्याकडेच राहतील. मी तीन दिवस फक्त या नियमावर काम करेन, तेही तिला शेजारी बसवून, म्हणजे गुरुवारपासून तिला माझी गरज पडू नये. तिच्या मदतीला दुसऱ्या टीममधून जो माणूस येणार होता तो येईलच, फक्त सोमवारऐवजी गुरुवारी. त्या टीमच्या प्रमुखांशी मॅडम स्वतः बोलणार होत्या. मी अजून काही केलेलं नसल्यामुळेच त्यांना ते आधी बोलता आलं.

बदली रजेचा विषय तिथे काढायचा नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. संकटाच्या क्षणी “मग मला त्याबदल्यात काय?” असं विचारलं की देणंही सौदा होऊन जातं. पण तो विषय हवेत सोडून देणंही मला बरं वाटत नाही. मग तो आतल्या आत कुढवत राहतो आणि सहा महिन्यांनी भलत्याच वेळी बाहेर येतो. म्हणून तो मेलमध्ये एका ओळीत, तारखांसह घातला. मेल असा होता:

“मॅडम, सकाळी बोलल्याप्रमाणे माझ्या मंजूर रजेतले सोमवार ते बुधवार हे तीन दिवस मागे घेत आहे. गुरुवार आणि शुक्रवारची रजा तशीच राहील. त्या दोन दिवसांत मी उपलब्ध नसेन. शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ फोनवर असेन. पोर्टलवर अर्धी रजा रद्द करता येत नसल्याने मी पूर्ण रजा रद्द करून दोन दिवसांचा नवा अर्ज लगेच करत आहे; कृपया दोन्हींना मंजुरी द्यावी. मागे घेतलेले तीन दिवस पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घेण्याचा विचार आहे, काम सुरळीत झाल्यावर त्याचा अर्ज करेन.”

“नाइलाजाने”, “वैयक्तिक अडचण बाजूला ठेवून” असे शब्द पहिल्या मसुद्यात आले होते. ते काढले. मनात खंत होती, पण मॅडमनी मला थांबवलं नव्हतं; मी स्वतः थांबले होते. ते ओझं त्यांच्या माथी मारणं न्यायाचं नव्हतं.

पोर्टलचं काम मात्र जपून करावं लागलं. पूर्ण रजा रद्द केली की गुरुवार-शुक्रवारचीही मंजुरी जाते, आणि नवा अर्ज “ऐनवेळचा” म्हणून अडकू शकतो. म्हणून मॅडमचं “ठीक आहे, दोन दिवस पक्के” हे उत्तर मेलवर येईपर्यंत थांबले आणि मगच रद्द केलं. अर्जाची स्थिती बराच वेळ ‘कॅन्सलेशन पेंडिंग’ दिसत होती. ती तशीच राहिली असती तर मी कामावर असूनही सोमवारपासून रजा खर्ची पडली असती. आमच्याकडे रजेचा पहिला दिवस उजाडला की रद्द करण्याचं बटणच जातं, मग मनुष्यबळ विभागाला लिहावं लागतं. मॅडम निघायच्या आधी जाऊन आठवण केली. दोन्ही मंजुऱ्या आल्या, खात्यात तीन दिवस जमा झालेले पाहिले, आणि मगच घरी निघाले.

जिच्याकडे काम दिलं होतं त्या सहकारिणीशी दुपारीच बोलले होते, मेल सर्वांना जाण्याआधी. “मी तुझ्या कामावर नजर ठेवायला थांबत नाहीये. माझी एक गोष्ट सांगायची राहिली, ती पूर्ण करायला थांबते आहे.” ती क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “शुक्रवारीच कळलं ते बरं झालं. सोमवारी येऊन पाहिलं असतं तर मला वाटलंच असतं.”

शनिवार

ताईला फोन केला. ती रागावली नाही, पण “मग मी एकटीच आवरते” हे तिने ज्या आवाजात म्हटलं ते दिवसभर कानात राहिलं. ऑफिसमध्ये सगळ्यांची मनं जपली आणि घरी नुसतं कळवलं. ताईला मी विचारलं नाही, सांगितलं. संध्याकाळी पुन्हा फोन करून तेवढं तरी बोलले. जड सामान तसंच ठेव, बुधवारी रात्री मी पोचते, असं ठरलं.

बुधवार, रात्र, प्रवासात

नियम काल दुपारी दुरुस्त झाला. सहकारिणीनेच कळफलक हातात घेतला होता, मी बाजूला बसून सांगत होते. हे हळू चालतं, माझे हात शिवशिवत होते, पण मी ते मांडीवरच ठेवले. आज सकाळच्या तालमीत अकरा बिलं उरली, आणि ती का उरली हे तिने माझ्याआधी ओळखलं: एकाच बिलावर दोनदा परतावा. दुपारी तीनला फरक शून्य.

मॅडमना चार ओळींचा मेल पाठवला: काय बिघडलं होतं, काय केलं, नोंदी कुठे आहेत, शनिवारी कोण पाहणार. स्वयंचलित उत्तरातल्या जुन्या तारखा बदलल्या. शुक्रवारीच बदलायच्या होत्या, राहून गेल्या, आणि त्यामुळे सोमवारी दोघांना मी रजेवर असल्याचं उत्तर गेलं होतं. कॅलेंडरवरची खूणही दुरुस्त केली.

निघताना मॅडम दारापर्यंत आल्या. “शनिवारी सात ते नऊ लिहिलं आहेस, पण मी फोन करू देणार नाही कुणाला. बाबांची पट्टी नीट सुटली की मला कळव.” आणि पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेला मला दाखवला.

ताईचा निरोप आला आहे. कपाट तिने हलवलेलं नाही, माझी वाट पाहते आहे.