आमची वाटचाल : शेवटचा खर्च मध्यावरच कळावा म्हणून

आमची फर्म विजेच्या कामांचे ठेके घेते. सुरुवातीला कामं आठवड्याभराची असत, त्यामुळे काम संपलं की हिशेब आपोआप समोर यायचा. पुढे दहा-दहा महिन्यांचे ठेके मिळू लागले, तेव्हा शेवटी किती खर्च होणार हे काम चालू असतानाच कळणं भाग झालं. तिथून आम्ही अर्जित मूल्याची पद्धत धरली.

एका कामाचा एकूण अंदाज 40 लाख होता. पाचव्या महिन्याअखेर नियोजित मूल्य, म्हणजे तोवर ठरवलेल्या कामाची अंदाजपत्रकातली किंमत, 20 लाख होती. प्रत्यक्ष खर्चही 20 लाखच झाला होता. एवढंच पाहिलं तर सगळं सुरळीत वाटतं. पण साइटवर खरोखर पूर्ण झालेल्या कामाची अंदाजपत्रकी किंमत, म्हणजे अर्जित मूल्य, 16 लाखच भरलं.

अर्जित मूल्य 16 भागिले प्रत्यक्ष खर्च 20, म्हणजे खर्चाचा निर्देशांक 0.8. उरलेलं कामही याच गतीने महाग पडत गेलं, तर अखेरचा खर्च 40 भागिले 0.8, म्हणजे 50 लाख. झालेला जादा खर्च एकदाचाच असेल, तर 20 अधिक उरलेलं 24, म्हणजे 44 लाख. यातला आकडा कुठला धरायचा, हे सूत्र सांगत नाही. जादा खर्च कशामुळे झाला ते शोधावंच लागतं.

आम्ही कामाचे भाग सुटे करून पाहिले. जादा गेलेल्या 4 लाखांपैकी खराब झालेली केबल बदलण्यात 1 लाख गेले होते, तो खर्च पुन्हा होणार नव्हता. उरलेले 3 लाख केबल ओढण्यात गेले होते: 9 लाखांच्या कामाला 12 लाख लागले. जागा अडचणीची, त्यामुळे टोळीचं रोजचं काम कमी पडत होतं आणि पुढेही तसंच पडणार होतं. केबलचं 12 लाखांचं काम बाकी होतं, त्याला त्या हिशेबाने 16 लाख. पॅनेल आणि बाकीचं 12 लाखांचं काम ठरलेल्या दरातलं. म्हणजे 20, 16 आणि 12 मिळून 48 लाख. आम्ही हाच आकडा धरला.

या सगळ्याचा पाया अर्जित मूल्याची मोजणी. “नव्वद टक्के झालंय” हे उत्तर आम्ही घेत नाही. छोट्या कामाला सुरू झाल्यावर निम्मं मूल्य आणि चाचणी झाल्यावर उरलेलं निम्मं; केबल मात्र मीटरवर मोजतो. साइटवर नुसता येऊन पडलेला माल अर्जित धरत नाही. बसवलेल्या मालाचं बिल यायचं असलं, तरी त्याची रक्कम खर्चात आधीच घेतो, नाहीतर निर्देशांक उगाच चांगला दिसतो.

वेळेच्या निर्देशांकावर, म्हणजे अर्जित भागिले नियोजित मूल्य यावर, मात्र शेवटी शेवटी विसंबत नाही. काम कितीही लांबलं, तरी पूर्ण झाल्यावर अर्जित आणि नियोजित मूल्य सारखंच होतं आणि तो 1 वर येतो. उशिरासाठी आम्ही वेळापत्रकातली एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळीच पाहतो.