मिठाची बरणी

ती बरणी मीच दिली होती. म्हणून बुधवारी सकाळी स्नेहल ओढणीने अर्धा चेहरा झाकून पार्लरच्या दारात उभी राहिली, तेव्हा काय झालं असेल हे मला तिने सांगण्याआधीच कळलं.

दादरला रानडे रोडच्या आतल्या गल्लीत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. डिसेंबरात नवऱ्या मुलींची रांग असते. स्नेहलचं लग्न रविवारी होतं. आदल्या रविवारी आम्ही तिचं बॉडी पॉलिशिंग केलं होतं. पाठ, दंड आणि पोटऱ्या साखरेच्या स्क्रबने, टाचा आणि कोपरं मिठाच्या. टाचांना पुढचे दोन-तीन दिवस घरी लाव म्हणून उरलेलं मीठ आणि खोबरेल तेलाचं मिश्रण मी छोट्या बरणीत भरून दिलं. तोंडाने सांगितलं, "टाचांसाठी आहे हं." बरणीवर मात्र काही लिहिलं नाही.

ओढणी काढली तेव्हा दोन्ही गालांची हाडं, नाकाचा शेंडा आणि हनुवटी लाल होती, आणि ती लाली चमकत होती. मला भीती वाटली ती त्या चमकेची. नुसती लाल झालेली त्वचा तासाभरात निवते. चमकणारी, ताणल्यासारखी दिसणारी त्वचा म्हणजे वरचं आवरण खरवडलं गेलं आहे. मी कापसाच्या बोळ्याने साधं गार पाणी लावलं, तर ती खुर्चीत दचकली. साध्या पाण्यानेही झोंबतं तेव्हा ओळखायचं की आता त्या चेहऱ्याला काहीही करायचं नाही.

"कधी लावलंस?" मी विचारलं.

"सोमवारी रात्री, ताई. पाय इतके छान मऊ झाले होते, म्हटलं चेहराही तसाच होईल. थोडं झोंबत होतं, पण वाटलं म्हणजे काम करतंय."

"आंघोळ करताना?"

"नाही, बेडरूममध्ये. आरशासमोर बसून. मग ओल्या टॉवेलने पुसलं."

इथेच सगळा घोळ होता. तो नीट सांगते, कारण साखर, मीठ आणि तयार स्क्रबमधले मणी यांतला फरक मलाही त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगला.

साखर पाण्यात झपाट्याने विरघळते. खोलीतल्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, मीठ मात्र जेमतेम ३६ ग्रॅम. अंगावर दोन चमचे पाणी असलं तर चोळता चोळता साखरेच्या दाण्याच्या कडा गोल होत जातात आणि मिनिटभरात दाणा संपत येतो. हात थांबायला उशीर झाला तरी साखर स्वतःच थांबते. मिठाचा दाणा चौकोनी, त्याला कोपरे असतात, आणि तेवढ्याच पाण्यात तो जास्त वेळ धारदार राहतो. टाचेची कातडी जाड, तिला हेच हवं असतं. शिवाय त्वचेवर कुठे ओरखडा, वॅक्सिंगनंतरची उघडी छिद्रं किंवा फुटलेली पुटकुळी असली तर मीठ झोंबतं. वॅक्सिंगच्या आधी आणि नंतर निदान दोन दिवस मिठाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येकीला सांगते.

तेलात मात्र साखरही विरघळत नाही आणि मीठही नाही. स्नेहलने कोरड्या चेहऱ्यावर तेलातलं मीठ चोळलं, म्हणजे पहिल्या सेकंदाला दाण्याचे जे कोपरे होते ते शेवटच्या सेकंदालाही तसेच होते. गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर खाली मांसाची गादी कमी, बोटाचा दाब सगळा तिथेच येतो. म्हणून लाली बरोबर तेवढ्याच उंचवट्यांवर होती, आणि गालाखालचा खोलगट भाग जवळजवळ स्वच्छ होता.

आणखी एक गोष्ट तिने खूप उशिरा सांगितली, जणू तिचा याच्याशी काही संबंधच नाही. पिंपल्ससाठी ती दोन महिने रोज रात्री अ‍ॅडापलीनचं जेल लावत होती. ते सुरू असताना चेहरा मुळातच नाजूक झालेला असतो. त्यावर कोणताही दाणा चोळू नये, साखरेचाही नाही. रविवारी मी तिला अंगावर पुरळ आहे का, अ‍ॅलर्जी आहे का हे विचारलं. चेहऱ्याला रात्री काय लावतेस हे विचारलं नाही, कारण त्या दिवशी काम अंगाचं होतं. आता बॉडी पॉलिशिंगला आलेल्या मुलीलाही हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारते.

गुरुवारी तिचं फेशियल ठरलं होतं. ते मी रद्द केलं. रेश्मा, माझी मदतनीस, म्हणाली, "ताई, निदान चंदनाचा लेप लावूया, थंड पडेल." मी नको म्हटलं. खरवडलेल्या त्वचेवर वाळणारा लेप लावला की तो सुकताना ओढतो आणि काढताना पुन्हा घासावं लागतं. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावला आणि तिला त्याच दुपारी तिच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जेल त्यांनी दिलं होतं, तेव्हा पुढचं त्यांनीच सांगायला हवं होतं. त्यांनी जेल बंद करायला सांगितलं, पेट्रोलियम जेली चालू ठेवली, आणि बरं होईपर्यंत चेहऱ्यावर सुगंधी काहीही नको म्हणाले.

संध्याकाळी शेवटची गिऱ्हाईक गेल्यावर मी आणि रेश्माने तीन वाट्या मांडल्या. एकीत साखर, एकीत मीठ, तिसरीत जोजोबाच्या मेणाचे मणी असलेला तयार बॉडी जेल. ओल्या मनगटावर प्रत्येकी अर्धा चमचा, सारख्याच दाबाने. साखर हळूहळू पाकासारखी चिकट होत गेली. मीठ शेवटपर्यंत करकरत होतं. मणी नुसते घरंगळत राहिले. ते गोल आणि मऊ, त्यांना धार नसते, म्हणून दंडावर छान वाटतात आणि टाचेवर काहीच करत नाहीत. पण ते विरघळतही नाहीत. भुवयांत, केसांच्या मुळाशी, कधी डोळ्यात जाऊन बसतात. पूर्वी हे मणी प्लॅस्टिकचे असायचे. धुतल्यावर ते गटारातून समुद्रात जातात, म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये धुऊन टाकायच्या प्रसाधनांतल्या अशा मण्यांवर बंदीचा कायदा केला. मी दादर चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवर राहते. जुनी ट्यूब घेऊन कोणी आलं तर मागची घटकांची यादी वाचून पॉलिएथिलीन दिसलं की ती वापरत नाही.

त्याच वेळी साखरेचंही एक लक्षात आलं. मोबाइलवर पाहिलेल्या विलायती कृतींमध्ये साखर आपल्या वाण्याकडच्या साखरेपेक्षा बरीच बारीक असते. आपल्याकडच्या पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहिलेलं असतं, त्यातलं अक्षर दाण्याचा आकार सांगतं, आणि एमचा दाणा एसपेक्षा मोठा. मोठा दाणा तसाच तेलात घातला तर तो मिठाइतकाच बोचतो. म्हणून मी आता एस-३० साखर मिक्सरला दोनदा झटका देऊन रव्याइतकी करते. पीठ होऊ द्यायचं नाही, पीठ झालं तर नुसता चिकटा होतो. दोन वाट्या साखरेला एक वाटी तेल. अंग आधी ओलं करायचं, एका हाताला एक मोठा चमचा, तळव्याने लांब लांब फिरवायचं, एका जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. आठवड्यातून एकदा पुरे. बरणीत ओला चमचा घालायचा नाही, मुंबईच्या दमट हवेत ती लगेच खराब होते. आणि आंघोळीनंतर लादी साबणाने धुवायची, तेलावरून घसरून पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

इथे एक सांगावंसं वाटतं. अंगाला चालतं म्हणूनही सगळीकडे जोरात घासायचं नसतं. आपल्याकडे कितीतरी बायका वर्षानुवर्षं खरखरीत घासणीने खांदे आणि गळ्याखालची हाडं रगडतात. तिथे काळपट पट्टे येतात, मग तो मळ समजून आणखी घासतात, आणि पट्टा आणखी गडद होतो. त्वचेचे डॉक्टर त्याला फ्रिक्शनल मेलॅनोसिस म्हणतात. तिथे घासणं थांबवणं हाच उपाय असतो. लोशन-क्रीमचंही तसंच. १२ टक्के लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन दंडावरच्या बारीक खरखरीत पुळ्यांना चांगलं, २० टक्के युरियाची क्रीम टाचांना चांगली, पण दोन्हींवर 'त्वचेसाठी' लिहिलेलं असतं म्हणून त्या चेहऱ्याला लावायच्या नसतात.

शनिवारी हळद होती. स्नेहलची मामी आदल्या दिवशी माझ्याकडे आली. "उष्टी हळद तोंडाला न लावता कशी चालेल हो?" त्यांचा जीव त्यात अडकला होता, आणि मला ते समजत होतं. मी म्हटलं, "मामी, हात, पाय, गळा सगळं माखा. कपाळ चांगलं आहे, तिथे एक बोट लावा. गालांना लावू नका, आग होईल आणि रविवारी तिला हसताही येणार नाही." त्यांनी मान्य केलं, आणि स्वतः बाकीच्या बायकांना अडवत मुलीच्या शेजारी बसून राहिल्या.

रविवारपर्यंत लाली उतरली होती, पण गालांवर पापुद्रे सुटत होते. अशा वेळी पावडर लावली की प्रत्येक पापुद्रा उठून दिसतो. मी फाउंडेशनऐवजी थोड्या मॉइश्चरायझरमध्ये कालवलेला क्रीमी बेस बोटाने थोपटत लावला, ब्रश वापरला नाही, गालांवर पावडरही लावली नाही. मुहूर्ताला ती छान दिसली. पहाटे चार वाजता तो चेहरा माझ्यासमोर होता तेव्हा माझे हात थरथरत होते, हे रेश्माशिवाय कोणाला माहीत नाही.

लाली गेल्यावर दोन आठवड्यांनी जे येतं, ते आपल्या रंगाच्या त्वचेला जास्त छळतं. दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी डाग उमटले. तिला वाटलं ते कायमचे. डॉक्टरांनी रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं. मार्चच्या शेवटी ती आली तेव्हा उजवा गाल स्वच्छ झाला होता, डाव्यावर उन्हात पाहिलं तरच दिसेल अशी सावली उरली होती.

बरणी तिने परत आणली होती, रिकामी आणि धुतलेली. उरलेलं मीठ तिच्या आईने टाचांना लावून संपवलं म्हणे. आता माझ्या प्रत्येक बरणीच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: फक्त टाचा आणि कोपरं, ओल्या अंगावर. त्या बरणीवरही स्नेहलच्या समोरच लिहिलं.