जिभेला लागेना, पण रक्तात चढली

सिंधुदुर्गातल्या एका गावात मधुमेह तपासणीचं शिबिर होतं. उपाशीपोटीची साखर मोजायची, म्हणून मंडळी न खाता आली होती. रांगेतले साठीचे एक काका अचानक घामाघूम झाले, हात थरथरायला लागले. बोटातून थेंब घेतला, तर ५८. सकाळी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन ते रिकाम्या पोटी चालत आले होते.

पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. एक घोट घेऊन त्यांनी पेला बाजूला सारला. "मॅडम, साधं पाणी कशाला देताय?" काकूंनी जिभेवर चिमूटभर साखर ठेवली, तर म्हणाले, "वाळू चावल्यागत लागतंय." साखर उतरल्यामुळे भान हरपतंय की काय, अशी शंका आली. मिठाचा कण दिला, तो मात्र लगेच खारट लागला. तेव्हा काकूंना आठवलं, "वाटेत बेडकीचा पाला चावत होते. मधुमेहावर चांगला म्हणतात ना!"

बेडकी म्हणजेच गुडमार, मधुनाशिनी. तिच्या पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव टिपणाऱ्या ग्राहीला, त्यातल्या टी१आर३ या भागाला चिकटतात आणि गोडाचा संदेश पुढे जाऊच देत नाहीत. खारट-आंबट चवींची वाट वेगळी, म्हणून त्या शाबूत राहतात. अर्धा-पाऊण तासात हा परिणाम ओसरतो. मी काकांना एवढंच सांगितलं, की पाण्यात साखर आहे, चव लागली नाही तरी पिऊन टाका. ते प्यायले. पंधरा मिनिटांनी मोजली, ९१. थरथर थांबली, पण तोंडाला गोड अजून लागत नव्हतं.

ही आम्लं आतड्यातही ग्लुकोज आत ओढणाऱ्या वाहकाला अडवत असावीत, असं मानलं जातं. त्याला आधार आहे तो मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. जिभेवर पानाचा रस थेट, दाट लागतो. आतड्यात तोच रस पातळ होऊन लांबच लांब पृष्ठभागावर पसरतो. काकांच्या आतड्याने तरी त्या दिवशी साखर अडवली नाही, हे आकड्यात दिसलं. साखर उतरायला गोळी आणि उपास एवढं कारण पुरेसं होतं. पाल्याने त्यात भर घातली का, ते एका मोजणीवरून ठरत नाही. पण गोळीबरोबर पाला घेतला तर साखर जास्त उतरण्याचा धोका धरूनच चालावं लागतं.

काकांच्या कागदावर पाल्याची नोंद केली, गोळीचा डोस बघायला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काकूंना वेगळं बसवून समजावलं. पाला खाल्ल्यावर चक्कर आली, तर साखर चवीवर नाही, चमच्याने मोजून द्यायची. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा.