पंखा, तीन पाती आणि सरांचे ठिपके

आमच्या फिजिक्सच्या सरांची एक सवय होती, ग्राफवर कुणी ठिपके जोडून झकास रेघ काढली की ते विचारायचे, "दोन ठिपक्यांच्या मधे काय झालं ते पाहिलंस का रे तू?" तेव्हा काही उत्तर सुचायचं नाही, पण तो प्रश्न मला खरा समजला तो इंजिनिअरिंगला असताना, इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी, सिग्नल्सच्या पेपरच्या आदल्या रात्री.

एलियासिंगची व्याख्या तोंडपाठ होती, सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला किती ठिपके घेतो तो आकडा, सिग्नलमधल्या सगळ्यात मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त हवा, नाहीतर खोटी फ्रिक्वेन्सी दिसते. पण ही खोटी येते कुठून? एक वाजून गेला होता, धाकटी बहीणही अभ्यासाला जागी होती, कंटाळून तिने मोबाईलवर सीलिंग फॅनचा व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "दादा, हे बघ, पंखा उलटा फिरतोय!"

मी पंखा बंद करून एका पात्याला लाल टेप लावली, परत फुल स्पीडवर सोडला आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. टेप साधारण पाच फ्रेममधे एक फेरा करत होती. मोबाईल सेकंदाला 30 फ्रेम घेतो, म्हणजे पंखा सेकंदाला 6 फेरे, आणि दोन फ्रेमच्या मधे पातं 72 अंश पुढे. आता गंमत अशी की तिन्ही पाती एकसारखी, 120 अंशांवर, त्यामुळे 72 पुढे गेलेलं पातं आणि मागच्या बाजूला 48 अंश सरकलेलं शेजारचं पातं कॅमेऱ्याला सारखंच दिसतं, आणि डोळा जवळची वाट धरतो, उलटी. हिशोब केला तर एका जागेवरून सेकंदाला 18 पाती जातात, 30 वजा 18 म्हणजे 12, तेवढी उलटी दिसतात! दोन ठिपक्यांच्या मधलं कुणी पाहिलंच नव्हतं ना. टेप मात्र सेकंदाला 6 वेळाच येते, 30 च्या निम्म्याहून खूप कमी, म्हणून त्याच व्हिडिओत ती बरोबर सुलट फिरत होती.

मग रेग्युलेटर कमी केला, सेकंदाला 4 फेऱ्यांच्या आसपास, तर पाती 12, यावेळी सुलट. पात्यांची चित्रं आधीसारखीच, फक्त दिशा बदलली. आणि सिग्नल साधा कोसाइन, म्हणजे नुसती वर-खाली होणारी लाट असेल तर दिशाही उरत नाही, सेकंदाला 18 आणि 12 लाटांचे सॅम्पल अगदी तेच येतात, नंतर कितीही डोकं लावा, वेगळे करता येत नाहीत. म्हणून तर मोठ्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर सॅम्पलिंगच्या आधी लावायचा असतो, नंतर लावून उपयोग नाही.

शाळेच्या लॅबमधे हे मुलांना जरूर दाखवा, लाइट भरपूर ठेवा नाहीतर पाती पुसट येतात. टेबल फॅन घेतलात तर तो सेकंदाला 20 च्या वर फेरे घेतो, तिथे टेपसुद्धा उलटी फिरताना दिसेल.