आमची वाटचाल: उपविधी कुठे कापायचे?

झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानापासून आम्ही सुरुवात केली. पुढे गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं आणि सभांची इतिवृत्तं करून द्यायला लागलो. एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "उपविधींचं पुस्तक कोणी उघडत नाही, फोन मात्र मलाच. प्रश्न टाकला की उत्तर येईल असं काही करता का?" हो म्हणून बसलो.

पुस्तकाचे तुकडे, म्हणजे चंक, पाडायचे. प्रश्नाशी अर्थाने जुळणारे पाच तुकडे शोधून भाषा-मॉडेलपुढे ठेवायचे, ते त्यातून उत्तर लिहितं. तुकडा केवढा, हे आम्ही चहा संपायच्या आत ठरवलं: `chunk_size=1000`, `chunk_overlap=0`, म्हणजे हजार अक्षरांचा तुकडा आणि शेजारच्या दोन तुकड्यांत सामाईक मजकूर शून्य.

पहिल्याच दिवशी एका काकूंनी विचारलं, "माझ्या फ्लॅटमध्ये लग्न झालेली मुलगी राहते. बिनभोगवटा शुल्क लागेल?" म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क. उत्तर आलं, लागेल, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. काकू उखडल्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. 10 टक्क्यांची मर्यादा खरी, पण विवाहित मुलीला सूट आहे. ही सूट हजार अक्षरांच्या कापणीत पुढच्या तुकड्यात गेली होती. तिथे "बिनभोगवटा" हा शब्दच नव्हता, नुसतं "वरील शुल्क". मग तो तुकडा सापडणार कसा?

तुकडे मोठे केले, तीन हजार अक्षरांचे. आता वेगळीच गंमत. अर्थ जुळवणाऱ्या आमच्या एम्बेडिंग मॉडेलची मर्यादा 512 टोकनांची, म्हणजे शब्दांच्या तितक्याच बारीक तुकड्यांची. मराठी शब्दाचे बरेचदा दोन-तीन टोकन होतात, त्यामुळे तुकड्याचं शेपूट मॉडेलने वाचलंच नव्हतं. एररही नाही. संशय आला म्हणून तुकड्याची शेवटची ओळच प्रश्न म्हणून टाकली, तर तिचा स्वतःचा तुकडा पहिल्या पाचांत नाही! तेव्हापासून तुकडा मर्यादेत बसतो का हे पाहायला आम्ही अक्षरं मोजत नाही, त्याच मॉडेलच्या टोकनायझरने टोकन मोजतो.

मग परत हजार अक्षरांवर येऊन ओव्हरलॅप पाचशे अक्षरांचा ठेवला. सूट सापडली, पण पाचपैकी तीन तुकडे जवळजवळ सारखेच. जागा त्यांनीच अडवली आणि दुसरा लागू होणारा नियम बाहेर राहिला.

शेवटी पुस्तकानेच जिथे रेघ मारली आहे, तिथे कापायला लागलो. एक उपविधी, एक तुकडा. 400 टोकनांच्या वर गेला तरच पोटकलमावर तोडायचा, मागची एक-दोन वाक्यं पुढे ओढायची आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर उपविधीचं नाव पुन्हा लिहायचं. दोन वेगळ्या उपविधींमध्ये ओव्हरलॅप शून्य. काकूंचा प्रश्न आता मुलीच्या सवलतीसकट सुटतो. खरं सांगायचं तर ओव्हरलॅपपेक्षा त्या डोक्यावरच्या नावानेच जास्त काम केलं.

इतिवृत्तांना हे लागू पडत नाही, तिथे ठरावागणिक कापतो. खर्चाच्या तक्त्यांचे तुकडे अजून हातानेच पाडतो.